अर्ध्याचे क्रमगुणित

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शेवटी अंकपाश नावाचे एक छोटे प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण मोठे मनोरंजक आहे. शंकराच्या दहा हातांत दहा निरनिराळी आयुधे आहेत. ही आयुधे या हातातून त्या हातात अशी बदलत गेल्यास मूर्तीची किती रूपे होतील? आणि विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांची अशीच अदलाबदल केल्यास किती? विष्णूची रूपे २४ होतात आणि शंकराची ३६,२८,८००. रीत अगदी सोपी आहे. एकापासून त्या संख्येपर्यंतचे सर्व अंक क्रमाने घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा. १ × २ × ३ × ४ म्हणजे २४. आजच्या गणितात या गुणाकाराला क्रमगुणित म्हणतात आणि संख्येपुढे उद्गारचिन्ह घालून तो लिहितात, ४! = २४, ५! = १२०, १०! = ३६,२८,८००.

आता कोणी असे विचारले की साडेचारांचे क्रमगुणित किती, किंवा अर्ध्याचे किती, तर प्रथमदर्शनी हा प्रश्न निरर्थक वाटावा. साडेचार हातांच्या मूर्तीत साडेचार आयुधे कोण कशी मांडणार? एकापासून अर्ध्यापर्यंत क्रमाने अंक घ्यावयाचे म्हणजे तरी काय करावयाचे? परंतु गणिताचा अनुभव असा आहे की एखाद्या संज्ञेचा मूळ अर्थ जेथे संपतो तेथे तिचा नियम पुष्कळदा पुढे चालत राहतो. दोनाचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा घेऊन केलेला गुणाकार. दोनाचा अर्धा घात या शब्दांना तसा काही अर्थ नाही. तरीही घातांच्या बेरजेचा नियम पाळावयाचा ठरवला की अर्धा घात म्हणजे वर्गमूळ हे आपोआप ठरते. क्रमगुणिताचेही असेच काही होईल काय?

हा प्रश्न १७२९ साली रशियात चांगलाच रंगला होता. क्रिस्तियान गोल्डबाख हा विद्वान त्या वेळी मॉस्कोत होता. १, २, ६, २४, १२० या मालिकेतील दोन पदांच्या मधली पदे कशी काढावीत, हे कोडे त्याने इतरांपुढे टाकले होते. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठातून, म्हणजे तेथल्या अकादमीतून, डॅनियल बेर्नूलीने ६ ऑक्टोबर १७२९ रोजी त्याला एक सूत्र लिहून पाठविले. आणि आठवड्याभरातच, १३ ऑक्टोबरला, त्याच अकादमीतील लेओनार्ड ऑयलर या बावीस वर्षांच्या तरुणाचे पत्र गोल्डबाखकडे रवाना झाले.

ऑयलरच्या पत्रातील विचार समजण्यास फार गणित लागत नाही. क्रमगुणिताचा मुख्य नियम एकच: कोणत्याही पायरीवरून पुढच्या पायरीवर जावयाचे तर त्या पुढच्या संख्येने गुणावे. ४! ला ५ ने गुणले की ५! मिळते. हाच नियम अपूर्णांकांनाही लागू करावयाचा ठरविला, तर अर्ध्याच्या क्रमगुणिताला दीडाने गुणून दीडाचे, त्याला अडीचाने गुणून अडीचाचे, अशी किंमत निघत जाईल. म्हणजे या वाटेवरची एक किंमत कळली की बाकीच्या सर्व कळल्या. अडचण एवढीच की ती पहिली किंमत कोठून आणावयाची.

०! आणि १! या दोहोंची किंमत १ आहे. तेव्हा मधल्या अर्ध्याचीही १ धरावी, असे सहज मनात येते. पण हे उत्तर चूक आहे. येथे पायऱ्या फार असमान आहेत. प्रारंभी गुणक १, मग २, मग ३, म्हणजे दर वेळी तो कितीतरी पटींनी बदलतो. याउलट मालिकेत दूरवर गेल्यास ९ ने गुणणे, १० ने गुणणे, ११ ने गुणणे यांत प्रमाणाने फारसा फरक उरत नाही. तेथे एका पूर्ण पायरीचे दोन अर्ध्या पायऱ्यांत समान विभाजन केले, तर चूक अगदी थोडी होईल. १०! पासून ११! पर्यंत जाण्यास ११ ने गुणावे लागते; म्हणून अर्धी पायरी चढण्यास ११ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.३१६६ ने गुणावे. ३६,२८,८०० ला या संख्येने गुणले असता साडेदहाच्या क्रमगुणितासाठी सुमारे १,२०,३५,३६८ ही किंमत मिळते. आता त्याच वाटेने खाली उतरावयाचे. साडेदहाने भागावे, साडेनवाने भागावे, असे करीत शेवटी दीडाने भागावे. या दहा भाजकांचा गुणाकार सुमारे १,३४,२७,०६१ होतो आणि उत्तर येते ०.८९६४.

हीच कृती पहिल्याच पायरीवर केली तर ०.९४२८ येते, दहाव्या पायरीवरून ०.८९६४ आणि शंभराव्या पायरीवरून ०.८८७३. जितके दूर जावे तितके उत्तर एका ठरावीक संख्येपाशी येऊन स्थिरावते, आणि ती संख्या ०.८८६२ च्या आसपास आहे. दूर जाऊन मग परत येण्याची ही रीत म्हणजेच ऑयलरच्या पत्रातील अनंत गुणाकाराचे सूत्र होय.

परंतु ०.८८६२ ही संख्या कसली? ऑयलरची नजर येथे ठरली. वरच्या कृतीत मिळणाऱ्या उत्तराचा वर्ग करून त्यातील पदे नीट मांडली असता पुढील गुणाकार तयार होतो:

(२×४)/(३×३) × (४×६)/(५×५) × (६×८)/(७×७) × …

हा गुणाकार त्या काळच्या गणितज्ञांच्या परिचयाचा होता. जॉन वॉलिस या इंग्रज गणित्याने १६५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो होता, आणि त्याची किंमत π च्या चतुर्थांशाइतकी असते हे वॉलिसने दाखविले होते. म्हणजे अर्ध्याच्या क्रमगुणिताचा वर्ग π/४, आणि स्वतः ते क्रमगुणित म्हणजे √π/२, दशांशांत ०.८८६२२७. एक हात व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ π/४ चौरस हात असते. त्या वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढला, तर त्याची बाजू नेमकी अर्ध्याच्या क्रमगुणिताइतकी भरेल. मूर्तीच्या हातांतील आयुधे मोजता मोजता वर्तुळ कोठून उपटले, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

ऑयलरने मात्र या आश्चर्याचा उपयोग करून घेतला. जेथे π आहे तेथे कोठेतरी एखाद्या वक्राखालचे क्षेत्रफळ असले पाहिजे, असा त्याने तर्क बांधला; कारण वर्तुळाचे मापन म्हणजे शेवटी क्षेत्रफळाचेच मापन. वक्राखालील क्षेत्रफळाला गणितात समाकल म्हणतात. ८ जानेवारी १७३० च्या पत्रात त्याने गोल्डबाखला असा समाकल कळविला. या विषयावरचा त्याचा निबंध पुढे १७३८ साली छापला गेला. आज तो समाकल थोड्या निराळ्या पण समान अर्थाच्या रूपात लिहितात:

n! = ∫₀^∞ tⁿ e⁻ᵗ dt

चिन्हांनी बिचकण्याचे कारण नाही. e ही २.७१८२८ च्या जवळची एक स्थिर संख्या आहे. t शून्यापासून वाढत जातो तसतसा tⁿ हा गुणक वाढतो, तर e⁻ᵗ हा दुसरा गुणक झपाट्याने घटतो. या ओढाताणीत दोहोंच्या गुणाकाराचा वक्र शून्यापासून वर चढतो, t ची किंमत n इतकी झाली की माथ्यावर पोचतो आणि मग उतरत उतरत आडव्या रेषेला जवळजवळ मिळून जातो. त्या टेकडीखालचे एकूण क्षेत्रफळ म्हणजे n!. टेकडीचा उतार लांबवर पसरलेला असतो, हे हिशेब करताना विसरून चालत नाही. ५! साठी t ची किंमत १० झाल्यावर कोणी मोजणे थांबविले, तर १२० ऐवजी ११२ च्या आतच उत्तर येईल. ३० पर्यंत गेल्यास मात्र राहिलेली तूट एकाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असते.

हे क्षेत्रफळ क्रमगुणिताचा नियम खरोखर पाळते काय? त्याची परीक्षा दोन ओळींची आहे. वक्राच्या चढउताराचा दर कलनशास्त्राच्या साध्या नियमाने n tⁿ⁻¹e⁻ᵗ वजा tⁿe⁻ᵗ इतका निघतो. हा वक्र शून्य उंचीपासून निघतो आणि शेवटी शून्य उंचीलाच येतो. तेव्हा सगळा चढ आणि सगळा उतार यांची वजाबाकी शून्य झाली पाहिजे. म्हणून tⁿe⁻ᵗ खालचे क्षेत्रफळ हे tⁿ⁻¹e⁻ᵗ खालच्या क्षेत्रफळाच्या नेमके n पट असते. हाच तो नियम: n! = n × (n−१)!. शिवाय n शून्य असता उरणाऱ्या e⁻ᵗ या वक्राखालचे क्षेत्रफळ १ भरते, म्हणून ०! = १ हेही जागच्या जागी बसते. या सबंध युक्तिवादात n हा पूर्णांक असावा अशी अट कोठेही घालावी लागली नाही. तो शून्याहून मोठा असला म्हणजे पुरे. हातांच्या आणि आयुधांच्या मोजणीशी बांधलेली संज्ञा येथे त्या बंधनातून मोकळी झाली.

आता या समाकलात n च्या जागी अर्धा घालून पाहू. t चे वर्गमूळ गुणिले e⁻ᵗ या वक्राखालचे क्षेत्रफळ हवे आहे. t च्या जागी u चा वर्ग लिहिला असता t मधील लहानशा वाढीच्या जागी २u पट u ची वाढ येते, आणि मोजावयाचा वक्र २u² e^(−u²) असा होतो. वरची चढउताराची युक्ती u e^(−u²) या वक्राला लावली की हे क्षेत्रफळ नुसत्या e^(−u²) या वक्राच्या क्षेत्रफळाइतकेच निघते. हा वक्र वाचकांनी दुसऱ्या नावाने पाहिलेला असेल. मापनातील लहानमोठ्या चुका मध्याभोवती कशा विखुरतात हे दाखविणारा, घंटेच्या आकाराचा, तोच हा वक्र. आपल्याला त्याची उजवी अर्धी बाजू मोजावयाची आहे.

या घंटेचे क्षेत्रफळ सरळ मोजण्याचा प्रयत्न केला तर तो फसतो. e^(−u²) चा समाकल नेहमीच्या परिचित फलनांत लिहिता येत नाही. तेव्हा गणितज्ञ एक वळसा घेतात. सपाट जमिनीवर एक टेकडी कल्पावी. पूर्वेकडे u आणि उत्तरेकडे v अंतरावर तिची उंची e^(−u²) गुणिले e^(−v²) इतकी धरावी. या टेकडीचे घनफळ म्हणजे संपूर्ण घंटेच्या क्षेत्रफळाचा वर्ग. कारण दोन्ही दिशा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. पण तीच उंची e^(−(u²+v²)) अशीही लिहिता येते, आणि पायथागोरसच्या सिद्धांताने u²+v² म्हणजे मध्यबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. अर्थात टेकडी सर्व बाजूंनी सारखी, पूर्ण गोल आहे. मग तिचे आडवे-उभे तुकडे कशाला पाडावयाचे? कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे मध्यापासून गोल कडी काढावीत. r अंतरावरील कड्याचा घेर २πr आणि उंची e^(−r²). या कड्यांची बेरीज करताना २r हा जो अवयव आपोआप हाती आला, त्यामुळे जे अवघड होते ते सोपे होते. २r e^(−r²) चे एकूण क्षेत्रफळ बरोबर १ येते आणि घनफळ π ठरते. म्हणून संपूर्ण घंटेचे क्षेत्रफळ √π, आणि तिच्या अर्ध्या भागाचे √π/२. ऑयलरला अनंत गुणाकाराच्या वाटेने मिळालेली संख्या समाकलाच्या वाटेनेही तीच मिळाली. शिवाय वर्तुळ कोठून आले हेही उघड झाले: ते त्या गोल टेकडीच्या पायथ्याशी होते.

याच्यापुढे साडेचारांचे क्रमगुणित काढणे म्हणजे नुसता गुणाकार आहे. ०.८८६२२७ ला १.५ ने गुणल्यास १.३२९३, त्याला २.५ ने गुणल्यास ३.३२३४, मग ३.५ ने ११.६३१७ आणि ४.५ ने ५२.३४२८. ही संख्या २४ आणि १२० यांच्या मध्ये आहे, परंतु त्यांच्या सरासरीहून, म्हणजे ७२ हून, बरीच कमी आहे. दोन ओळखीच्या किमतींची बेरीज करून निम्मी घेण्याचा मोह येथे किती महागात पडला असता हे त्यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लजांद्र या फ्रेंच गणित्याने या समाकलाला Γ हे ग्रीक अक्षर दिले. तेव्हापासून तो गामा फलन या नावाने ओळखला जातो. लजांद्रने t चा घात एकाने कमी घेतला, त्यामुळे Γ(५) म्हणजे ५! नव्हे, तर ४! होय; आणि प्रसिद्ध Γ(½) = √π हे वस्तुतः उणे अर्ध्याचे क्रमगुणित आहे. ही एकाची सरक विद्यार्थ्यांना आजही चकविते आणि तिची फारशी गरज होती असे म्हणवत नाही. पण रूढी पडली ती पडली.

उणे अर्ध्याचा उल्लेख झालाच आहे, तेव्हा या समाकलाची हद्दही पाहिली पाहिजे. n उणे असला की वक्र शून्यापाशी आकाशाला भिडतो. उणे अर्ध्याच्या बाबतीत तो उंच जातो खरा, पण इतका निमुळता होत जातो की त्याखालचे क्षेत्रफळ मर्यादितच राहते. शून्यापासून एक शतांशापर्यंतचा हिस्सा जेमतेम ०.२ भरतो. n उणे एक झाला की हे टिकत नाही. दशांशापासून शतांशापर्यंत, शतांशापासून सहस्रांशापर्यंत अशा प्रत्येक टप्प्यात सुमारे २.३ इतके क्षेत्रफळ साचत जाते, आणि टप्पे तर संपतच नाहीत. उणे एकाचे क्रमगुणित म्हणून अस्तित्वातच नाही. त्याच्याही पलीकडे, उणे दीडावर, समाकल अनंत होतो. पण पायरीच्या नियमाने उणे अर्ध्याच्या किमतीला उणे अर्ध्याने भागून −३.५४४९ ही किंमत काढता येते. आडव्या रेषेच्या वरच असणाऱ्या वक्राखालचे क्षेत्रफळ उणे कसे असेल? ते नसतेच. तेथे समाकलाची साथ सुटलेली असते आणि फलन केवळ नियमाच्या बळावर पुढे गेलेले असते. उणे पूर्णांक तेवढे त्याला कायमचे वर्ज्य आहेत.

एक शंका मात्र अद्याप शिल्लक आहे, आणि ती बारीक नाही. पायरीचा नियम पाळणारे फलन हे एकच आहे काय? नाही. शून्य आणि एक यांच्यामध्ये कोणी वाटेल तसा वक्र काढला, त्याची दोन्ही टोके १ वर ठेवली आणि पुढे नियमाने गुणत गेला, तर त्याचेही क्रमगुणित तयार होईल. पूर्णांकांवर ते कोठेही चुकणार नाही. समजा, कोणी पूर्णांकांच्या ठिकाणी किंमत तीच ठेवली आणि ठीक मधोमध ती दरवेळी एकदशांशाने फुगविली. मग अर्ध्याचे क्रमगुणित ०.८८६ ऐवजी ०.९७५ होईल. √π/२ हे खरे उत्तर आणि हे खोटे, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे?

याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९२२ साल उजाडावे लागले. हाराल्ड बोर आणि योहानेस मोलेरूप या दोन डॅनिश गणितज्ञांनी ते दिले. त्यांतील बोर हा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचा धाकटा भाऊ. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघातून तो खेळला होता. त्यांनी घातलेली अट सोप्या शब्दांत अशी सांगता येईल: सारख्या लांबीच्या पायऱ्या चढत जाताना दर पायरीचा गुणक कधीही घटता कामा नये. पूर्ण पायऱ्यांवर हे आधीच खरे आहे. तेथे गुणक १, २, ३, ४ असे वाढतच जातात. अर्ध्या पायऱ्यांवर, पाव पायऱ्यांवर, कितीही लहान पायऱ्यांवर तेच खरे असावे, एवढीच मागणी आहे.

ऑयलरच्या किमती या कसोटीला लावून पाहाव्यात. शून्यापासून अर्ध्या अर्ध्या पायरीने चढताना गुणक येतात ०.८८६, १.१२८, १.३२९, १.५०५, १.६६२, १.८०५. एकही आकडा मागे हटत नाही. फुगविलेल्या फलनाचे गुणक मात्र असे पडतात: ०.९७५, १.०२६, १.४६२ आणि मग एकदम १.३६८. चौथ्याच पायरीला पाऊल अडखळले. फुगवटा एकदशांशाऐवजी एकशतांश ठेवला तर सुरुवातीच्या पायऱ्यांवर तो लपून राहील. पण पुढे पुढे शेजारच्या गुणकांतील अंतर प्रमाणाने कमी होत जाते, आणि केव्हातरी तोही उघडा पडतो. बोर आणि मोलेरूप यांनी सिद्ध केले की ०! = १, पायरीचा नियम आणि ही न अडखळण्याची अट, या तीन गोष्टी पाळणारे फलन शून्याच्या पुढच्या सर्व संख्यांसाठी एकच आहे, आणि ते ऑयलरचे. आपल्या या शोधात काही नवे आहे असे दोघांना वाटलेच नव्हते; कोणीतरी ते पूर्वीच सिद्ध केले असेल असे समजून त्यांनी ते आपल्या डॅनिश पाठ्यपुस्तकात घालून टाकले. पुढे १९३१ साली एमिल आर्टिन यांनी गामा फलनावर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्याची सारी उभारणी या अटीवरच केली.